विहिरीतला काळा पाषाण, उल्हासचा गाळ आणि देवघरातला संगमरवर

शेतकरी बंधूंनो, एक काम करा. आज संध्याकाळी घरी गेलात की घरातले दगड मोजा. गंमत म्हणून नव्हे, जरा नीट लक्ष देऊन मोजा.

हेंद्रेपाड्यातलं एखादं जुनं घर घ्या. पाडा आता बदलापूर शहरात गेला आणि चारी बाजूंनी इमारती उठल्या, पण जुन्या घरांची जोती अजून काळ्या दगडाची आहेत. मागल्या दारी पाटा-वरवंटा असतो, कुणाकडे जातंही असतं. ते याच काळ्या पाषाणाचं. आतल्या खोलीत जमिनीला शहाबादी फरशी असते, स्वयंपाकघराच्या ओट्याला कडप्पा. देवघराखाली पांढऱ्या संगमरवराचा तुकडा बसवलेला असतो. माळ्यावर शोधलंत तर कुणाची तरी शाळेतली दगडी पाटीही सापडेल.

आता बघा, दगडाचे जे तीन प्रकार शाळेत शिकवतात ते तिन्ही तुमच्या घरात हजर आहेत. पाटा-वरवंटा अग्निजन्य, म्हणजे तापलेला रस थंड होऊन झालेला. शहाबादी आणि कडप्पा गाळाचे, म्हणजे पाण्याच्या तळाशी थर साचून झालेले. संगमरवर आणि पाटी रूपांतरित, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी दगडाला ताप आणि दाब लागून त्याचं रूप पालटलेलं. संगमरवर हा पूर्वाश्रमीचा चुनखडीचा दगड, म्हणजे शहाबादीचाच भाऊबंद म्हणा. पाटीचा दगड हा पूर्वाश्रमीचा चिखल.

यातला आपल्या मातीतला एकच, तो काळा पाषाण. बाकीचे रेल्वेने नाहीतर ट्रकने आले. शहाबाद कर्नाटकात, कडप्पा आंध्रात, आणि चांगला संगमरवर राजस्थानात मकराण्याला. आपल्या तालुक्यात ते का सापडत नाहीत, आणि आपल्या काळ्या पाषाणाचं पुढे काय होतं, हे समजून घेण्याचा हिशेब शेवटी विहिरीच्या खर्चापाशी येतो. म्हणून हा लेख शिक्षकांपेक्षा शेतकऱ्यांनी आणि सरपंच-ग्रामसेवकांनी वाचावा असा आहे.

विहीर हेच पुस्तक

दगड वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. न बांधलेल्या जुन्या विहिरीच्या काठावर मे महिन्यात उभे राहा, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा. उल्हासच्या काठापासून थोडं वर चढलेल्या रानात साधारण असा क्रम दिसतो. वर हात-दोन हात माती. तिच्याखाली पिवळट-तांबूस मुरूम, कुदळीने सुटणारा. मुरमात मधूनमधून गोल गोटे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. त्याखाली भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढरे दाणे भरलेले. याला विहीर खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात. आणि त्याखाली निळसर काळा, घट्ट, घणाला न जुमानणारा पाषाण. पहार आपटली तर ठणकन आवाज येतो आणि गडी म्हणतात, "आता सुरुंगाशिवाय नाय."

वाचकहो, हे चार वेगवेगळे दगड नव्हेत, एकाच दगडाची चार रूपं आहेत.

हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबलचक फटींनी उकलली आणि त्या फटींतून लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा एक डोंगर पेटला, असं इथे घडलं नाही. पाट फुटून शेतात पाणी पसरावं तसा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस तापलेला रस पसरत गेला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरांवर थर चढत गेले. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे आणि ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत याच थरांचं आहे. आज महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्यांत मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमिनीवर हा दगड उरला आहे. भूशास्त्रज्ञांनी या थरांना गावांची नावं दिली आहेत. त्यात आपल्या पलीकडच्या नेरळचंही नाव आहे. 'नेरळ फॉर्मेशन' म्हटलं की जगभरच्या अभ्यासकांना कळतं.

एका थरात वर मांजऱ्या आणि खाली घट्ट पाषाण का, हे पीठ आंबवणाऱ्या माउलीला लगेच कळेल. लाव्ह्यात वायू आणि वाफ विरघळलेली असते. रस जमिनीवर आला की वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात. वरचा पापुद्रा आधी थंड होऊन आवळतो आणि बुडबुडे त्यात अडकतात. ती भोकं. मधला आणि खालचा रस सावकाश थंडावतो, वायू निघून गेलेला असतो, म्हणून तो घट्ट होतो. पुढे हजारो-लाखो वर्षं त्या भोकांतून पाणी झिरपतं आणि त्यात विरघळलेले क्षार भोकांत जमतात. ते पांढरे दाणे म्हणजे कधी झिओलाइट, कधी गारगोटीच्या जातीचं खनिज, कधी चुन्याचं. चुन्याचं असेल तर लिंबाच्या रसाने हळूहळू बारीक फेस येतो, बाकीच्यांना येत नाही. हाच प्रयोग शहाबादीच्या ताज्या फुटलेल्या कडेवर करून बघा, फेस येईल. संगमरवरावर मात्र करू नका, डाग पडतो आणि घरात बोलणी खावी लागतात. पाट्यावर कितीही लिंबू पिळा, काही होणार नाही.

थंड होण्याचा वेग हा अग्निजन्य दगडाचा स्वभाव ठरवतो. रस जमिनीवर पसरून लवकर थंडावला की त्यातले कण इतके बारीक राहतात की डोळ्यांना दिसत नाहीत. तोच रस जमिनीखाली फटीत अडकून राहिला तर कण थोडे मोठे होतात. आणि वेगळ्या जातीचा, वाळूच्या घटकाने समृद्ध रस काही किलोमीटर खोल, लाखो वर्षं घेऊन थंडावला तर गव्हाच्या दाण्याएवढे कण तयार होतात. तो ग्रॅनाइट. नव्या इमारतीतला ओटा जवळून बघा, गुलाबी-पांढरे-काळे दाणे वेगवेगळे मोजता येतात.

फटीत अडकून राहिलेल्या रसाच्या उभ्या भिंतींना डाइक म्हणतात. कल्याण, कर्जत, पनवेल या पट्ट्यात त्या पुष्कळ आहेत. माळावर काळ्या दगडाची सरळ ओळ, कुणी बांध घालून सोडून दिल्यासारखी, दिसली की ती डाइक असण्याचा संभव असतो. तिचं महत्त्व लेखाच्या शेवटी येईल.

पाषाणाची माती कशी होते

आता चक्राची पुढची पायरी. काळा पाषाण कायमचा असतो असं आपण समजतो. "काळ्या दगडावरची रेघ" हा शब्दप्रयोगच त्यातून आला. पण अंबरनाथचं शिवमंदिर नीट पाहिलेल्या माणसाला विचारा. शिलालेखाप्रमाणे ते शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. स्थानिक काळ्या पाषाणात घडवलेलं. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या कित्येक मूर्तींचे नाक-डोळे आज ओळखू येत नाहीत. साडेनऊशे पावसाळ्यांत पाषाणाची एवढी झीज होते. थोडी वाटते, पण तिला लाख पावसाळ्यांनी गुणून बघा.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. हे पाणी भेगांतून शिरतं आणि दगडातली खनिजं कुजवतं. काहींची चिकणमाती होते, लोखंड गंजून तांबडं-पिवळं होतं, चुना-सोडा पाण्याबरोबर निघून जातो. भेगा आडव्या-उभ्या असल्याने मधे चौकोनी ठोकळे राहतात. ठोकळ्याचे कोपरे तिन्ही बाजूंनी खाल्ले जातात म्हणून ते आधी झिजतात आणि ठोकळा गोल होतो. विहिरीतले ते कांद्यासारखे पापुद्र्यांचे गोटे यातूनच तयार झाले. मुरूम म्हणजे अर्धा कुजलेला पाषाण आणि माती म्हणजे पुरता कुजलेला.

पाऊस फार आणि पाणी निचरून जाणारा सपाट माथा असेल तर कुजणं आणखी पुढे जातं. जवळजवळ सगळं धुऊन जाऊन लोखंड आणि ॲल्युमिनियमच तेवढं उरतं. माथेरानच्या माथ्यावरचा लाल जांभा हा असा आहे. त्याच डोंगराच्या कड्यात खाली काळा पाषाण आणि वर लाल टोपी. बदलापूरहून जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतूनही माथेरानची रांग दिसते, पण ती बघायला कुणाला वेळ असतो म्हणा.

सुटलेली माती उतारावर थांबत नाही. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरातून निघून कर्जत, वांगणी करत आपल्याकडे येते. पुढे कल्याणजवळ काळू तिला मिळते आणि सगळं वसईच्या खाडीतून समुद्राला जातं. नदी काय काय वाहून नेते ते २६ जुलै २००५ च्या पुरात आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूर दरम्यान पाण्यात अडकली होती तेव्हा, काठच्या सगळ्यांनी पाहिलं. पाणी ओसरल्यावर घरात आणि भाताच्या खाचरांत जो चिखल उरला, तो बारकाईने पाहिला असता तर एक गोष्ट ध्यानात आली असती. नदीच्या पात्राजवळ भरड वाळू, जरा लांब बारीक रेती, आणि अगदी लांब, पाणी संथ झालं तिथे, मऊ गाळ. वेगाचं पाणी जड कण उचलतं, वेग मंदावला की आधी जड कण टाकतं. सूप पाखडताना होतं तेच. म्हणून गाळाच्या दगडांतही भरड वाळूचा दगड वेगळा आणि मऊ चिखलाचा वेगळा.

गाळाचा दगड व्हायला काय लागतं

नुसता गाळ साचला म्हणजे दगड होत नाही. त्यावर आणखी गाळ पडला पाहिजे, शेकडो मीटर, हजारो मीटर. वरच्या वजनाने खालच्या गाळातलं पाणी पिळून निघतं आणि कण एकमेकांना चिकटतात. कणांच्या फटींतून फिरणाऱ्या पाण्यातला चुना, वाळूचं द्रव्य नाहीतर लोखंड तिथे बसतं आणि सिमेंटचं काम करतं. दाब आणि डिंक, दोन्ही हवेत. उन्हाने वाळलेलं चिखलाचं ढेकूळ कितीही टणक वाटलं तरी पाण्यात टाकलं की विरघळतं. दगड विरघळत नाही, कारण त्याला डिंक बसलेला असतो. शहाबादीचा गाळ तर बराचसा चुन्याचाच. प्राचीन समुद्राच्या तळाशी तो बसला, म्हणूनच ती फरशी थराथराने सुटते.

आपल्या खाडीतला गाळ अजून चिखलच आहे. त्यावर अजून काहीच पडलेलं नाही म्हणायचं. म्हणून ठाणे जिल्ह्यात गाळाचा खडक शोधायला गेलात तर बहुतेक निराशा होईल. पण शेजारी मुंबईत वरळीच्या टेकडीत एक नवल सापडलं. लाव्ह्याचे दोन थर येण्यामध्ये जो काळ गेला त्यात तिथे गोड्या पाण्याचं तळं झालं होतं. तळ्यात गाळ बसला, बेडूक होते, कासवं होती, ती मेली आणि गाळात पुरली गेली. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. त्या गाळाच्या दगडातल्या इवल्याशा बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच केलं. वर आग, खाली आग, आणि मधे बेडकाचं तळं. लाव्हा एका दमात आला नाही, मधे मोठमोठ्या विश्रांती होत्या, हे त्या बेडकांनी सिद्ध केलं.

त्या विश्रांतीची खूण तुमच्या विहिरीतही सापडू शकते. दोन थरांच्या मधे कधी कधी हात-दोन हात जाडीचा विटकरी लाल मातीचा पट्टा लागतो. जुन्या थराची वरची बाजू ऊन-पावसाने कुजून माती झाली आणि तिच्यावर पुढचा लाव्हा आला. लाली बरीचशी कुजण्याची, लोखंडाच्या गंजाची, आणि थोडी वरून भाजल्याची. उल्हासकाठची माणसं वीटभट्टी जाणतात. काळपट-पिवळी माती भट्टीतून लाल होऊन निघते, तिच्यातलं लोखंड तापल्यावर रंग बदलतं. पुढच्या प्रकारच्या दगडाची ही अगदी प्राथमिक ओळख. मात्र वीट म्हणजे रूपांतरित खडक असं कुणी मुलांना शिकवू नये. विटेला ताप लागतो, पण डोंगराचा दाब आणि लाखो वर्षं लागत नाहीत.

किल्लारीचं भोक

रूपांतरित खडक आपल्या जिल्ह्याच्या पृष्ठभागावर नाही. तो बघायचा तर सिंधुदुर्गात जावं, नाहीतर भंडारा-गोंदिया-नागपूरकडे. पण आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटाखाली काय आहे याचं उत्तर महाराष्ट्राला एका मोठ्या दुःखानंतर मिळालं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. त्याचं कारण शोधण्यासाठी पुढे तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं गेलं. आपली बोअर साधारण शे-दोनशे फूट जाते, हे दोन हजार फुटांवर गेलं. आणि बाहेर आलेल्या दगडाच्या कांड्या क्रमाने मांडल्यावर दिसलं ते असं. पहिले ३३८ मीटर काळा पाषाण, लाव्ह्याचे थर. त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा थर. आणि ३४६ मीटरपासून तळापर्यंत फार जुना रूपांतरित खडक, अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा. एकाच भोकात तिन्ही जाती.

हा क्रम खालून वर वाचा. सगळ्यात खालचा खडक ज्या ताप-दाबाने तयार होतो तो जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलच मिळतो. आता तो ३४६ मीटरवर आहे, आणि त्याच्या लगेच वर गाळ आहे. म्हणजे गाळ बसला तेव्हा हा खोलातला खडक उघडा पडलेला होता. त्याच्या डोक्यावरचे किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचे खडक झिजून, वाहून गेलेले होते. ते ८ मीटर म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीची जमीन, तेव्हाच्या नदी-तळ्याचा गाळ. मग लाव्ह्याने सगळं झाकलं. कोयनेलाही पुढे भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोकं पाडली. तिथे काळा पाषाण सुमारे ९३० मीटर निघाला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइटसारखा खडक, मधे गाळ नाहीच. जिथे खड्डा होता तिथे गाळ, जिथे उंचवटा होता तिथे नाही. आजच्या शिवारातही याहून वेगळं काय असतं?

रूपांतर व्हायला किती खोली लागते याचा साधा हिशेब करता येतो. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की साधारण २५ ते ३० अंश ताप वाढतो. याची खूण आपल्याच जिल्ह्यात आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात तळ्यासारखं गार पाणी नसून हाताला चटका देणारं असतं. तिथे ज्वालामुखी नाही. पावसाचंच पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. आता चिखलाच्या दगडाचं रूप पालटायला निदान दोन-अडीचशे अंश लागतात असं धरा. २५ अंशांच्या दराने १० किलोमीटरला २५० अंश वाढतात, त्यात पृष्ठभागाचे २५-२७ मिळवा. म्हणजे उल्हासचा गाळ साधारण आठ-दहा किलोमीटर खोल पुरला गेला तर त्याची पाटी होईल. आणखी खोल गेला तर चकचकीत अभ्रकाचे पापुद्रे असलेला शिस्ट, त्याहून खोल पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा नाइस. हे सगळं घडताना दगड वितळत नाही. तो घट्टच असतो, आतल्या आत खनिजं बदलतात आणि दाबाच्या आडवी लागतात. म्हणून पाटी पापुद्र्याने फुटते. पाषाण तसा फुटत नाही, तो वेडावाकडा तुटतो. दगडाची जात ओळखायची ही एक सोपी रीत झाली.

चाक नव्हे, वाटा

पुस्तकात या सगळ्याचं गोल चित्र काढतात. रस, पाषाण, गाळ, गाळाचा दगड, रूपांतरित, पुन्हा वितळून रस. चित्र चुकीचं नाही, पण त्यामुळे असा समज होतो की प्रत्येक दगड रहाटगाडग्याच्या डब्यासारखा क्रमाने फिरतो. तसं नाही. वाटा अनेक आहेत. पाषाण झिजण्याऐवजी थेट खोल पुरला जाऊन रूपांतरित होऊ शकतो. गाळाचा दगड खोल जाण्याऐवजी उचलला जाऊन पुन्हा झिजू शकतो. किल्लारीचा खालचा खडक वर आला, उघडा पडला, आणि वितळण्याऐवजी लाव्ह्याखाली गाडला गेला.

पूर्ण फेरा झालेला दगड बघायचा तर गंगोत्रीला जावं. तुमच्यापैकी काहीजण यात्रेला गेलेही असतील. गोमुखाजवळचं शिवलिंग शिखर फिकट पांढऱ्या ग्रॅनाइटचं आहे. भारताचा भूखंड आशियाला धडकला तेव्हा पूर्वीच्या समुद्रातले गाळाचे खडक खोल दाबले गेले, रूपांतरित झाले, आणि त्यातला काही भाग सातशे अंशांच्या आसपास चक्क वितळला. तो रस खोलातच थंडावून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी हा ग्रॅनाइट झाला आणि नंतर हिमालयाबरोबर वर आला. चिखलाचं शिखर झालं.

आपला काळा पाषाण मात्र असा जुना दगड वितळून झालेला नाही. तो आणखी खालून, भूकवचाच्या तळाखालून आलेला नवा माल आहे. त्या वेळी आपला भूखंड ज्या तप्त जागेवरून सरकत होता ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. आपण तिथून निघून आलो. म्हणून उल्हासच्या खोऱ्यात पुन्हा लाव्हा येईल का, या प्रश्नाला उत्तर असं, की तशी कोणतीही चिन्हं नाहीत. आणि उल्हासचा गाळही लवकर खोल पुरला जाईल अशी इथली रचना नाही. आपल्या शिवारात चक्राची एकच पायरी चालू आहे, झिजण्याची आणि वाहून जाण्याची.

आता विहिरीपाशी

म्हणूनच मुरमाकडे नीट बघायला हवं. पावसाचं पाणी साठतं ते मातीत, मुरमात आणि मांजऱ्यातल्या भेगांत. घट्ट पाषाणात पाण्याला जागाच नाही, भेग सापडली तरच. समजा तुमच्या विहिरीत १२ फूट माती-मुरूम लागला, पुढे १० फूट मांजऱ्या आणि २२ फुटांवर ठणठणीत पाषाण. तर पाण्याचा हंडा हा वरचा २२ फुटांचा आहे. त्याखाली सुरुंग लावून आणखी २० फूट गेलात तर पाणी वाढेलच असं नाही. वरून झिरपलेलं साठायला टाकी तेवढी मोठी होईल. त्याच पैशात मांजऱ्याच्या पातळीत आडवी बोअर मारली तर भेगा जास्त कापल्या जातात.

मग खोल बोअरला कधी कधी पाणी कसं लागतं? थर आठवा. घट्ट पाषाणाखाली जुन्या थराचा मांजऱ्या माथा असतो. तिथे भेगा असतील आणि त्या कुठे तरी पावसाशी जोडलेल्या असतील तर पाणी लागतं. नसतील तर धूळ उडते. मधे लाल मातीचा पट्टा लागला तर सावध राहा. ती चिकण असते, पाणी खाली जाऊ देत नाही, आणि बोअरमध्ये ढासळून पाइप अडकवते. तिथे केसिंग घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोअरवाल्याला घाई असते, म्हणून बाहेर येणाऱ्या चुऱ्याचा रंग तुम्ही स्वतः दर दहा फुटांना बघून कागदावर लिहून ठेवा. काळा, पांढरे दाणे, लाल, असं साधं. शेजाऱ्याच्या पुढच्या बोअरला तो कागद नारळ फिरवणाऱ्या पाणाड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

डाइकची गोष्ट राहिली. उताराला आडवी गेलेली घट्ट डाइक जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. तिच्या वरच्या अंगाला विहीर साधते आणि खालच्या अंगाला पन्नास पावलांवर कोरडी जाते. पण डाइक स्वतःच भेगाळलेली असेल तर उलटं होतं, पाणी तिच्यातूनच वाहतं. नुसत्या डोळ्यांनी दरवेळी सांगता येत नाही. यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला बोलवावं. सार्वजनिक विहिरीचा प्रस्ताव करताना सरपंचांनी आजूबाजूच्या जुन्या विहिरींचे थर लिहून दिले तर त्यांचंही काम सोपं होतं.

आणि शेवटी मुरमाच्या खाणीचं. गौण खनिजाचा परवाना घेऊन किंवा न घेता, रस्त्याच्या भरावासाठी टेकडीच्या पायथ्याचा मुरूम जेसीबीने उचलला जातो. तो पायथाच खालच्या विहिरींचा हंडा असतो. दोन दिवसांत जो मुरूम जातो तो कुजून तयार व्हायला हजारो पावसाळे लागलेले असतात. ग्रामसभेत परवानगीचा विषय येईल तेव्हा तलाठ्यांना एवढंच विचारा, की या गटाच्या खालच्या अंगाला किती विहिरी आहेत, आणि त्यांतल्या किती मार्चनंतर टिकतात. आकडे कागदावर मागा आणि मग सही करा.